डबे दुप्पट झाले, पण हातात आधीच्या निम्मंही उरत नाही, असं का?

पत्र : मी पुण्यात कर्वेनगरला डबे देते, दुपारचाच डबा, रविवारी सुट्टी. आधी घरातून २५ डबे करायचे तेव्हा सगळं जाऊन महिन्याला ११ हजाराच्या आसपास उरायचे. ४ महिन्यांपूर्वी १२ हजार भाड्याने गाळा घेतला, पोळ्यांना मावशी ठेवल्या ६ हजारावर, आता ५० डबे आहेत. डबा ८० रुपये, सामान ४२ चं लागतं, म्हणजे ३८ सुटतात. ५० डबे, २६ दिवस, भाडं-पगार वजा करून ३१ हजार राहायला हवेत, पण महिन्याच्या शेवटी ४ हजार पण धड नसतात. नवरा म्हणतो रेट वाढव, बहीण म्हणते ८० डबे कर. आजूबाजूला ७० ला पण डबा मिळतो म्हणून रेट वाढवायची भीती वाटते. नक्की किती डबे गेले की ना नफा ना तोटा होतं तेच मला कळत नाही. गेल्या महिन्याच्या वहीचे फोटो पाठवतेय.

उत्तर :

ताई, वहीचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच आहे, फक्त ते वेगवेगळ्या पानांवर विखुरलंय. मी स्वतः ६ वर्षं मेस चालवलीय, त्यामुळे ती तेलाचे डाग पडलेली पानं बघताना कुठे काय निसटलं असेल ते बऱ्यापैकी लगेच दिसलं.

पहिली गोष्ट म्हणजे ५० हा आकडा. तुमची ५० गिऱ्हाईकं आहेत, ५० डबे नाहीत. वहीत रोजच्या पानावर जे खाडे लिहिलेत ते मी सगळे मोजले, महिन्याभरात १५० झाले. कोणी गावाला गेलं, कोणाची परीक्षा संपली, कोणाच्या ऑफिसात पार्टी होती, माणशी सरासरी ३ खाडे पडतातच. म्हणजे १३०० नाही तर ११५० डबे गेले, रोजचे ४४. आणि ८० हा रेट पण खरा नाही, कारण महिन्याचे जे लोक आहेत त्यांना तुम्ही १,९५० लावता, भागिले २६ केलं की ७५ रुपयेच होतात, ८० फक्त सुट्या डब्याला मिळतात. महिन्याची एकूण जमा ८७,४०० आहे, तिला ११५० ने भागा, डब्यामागे ७६ येतात. इथून पुढे हिशोबात ५० आणि ८० हे दोन आकडे वापरायचेच नाहीत, ४४ आणि ७६ वापरायचे.

आता खर्च. सामानाचे ४२ तुम्ही कसे काढलेत ते मला अंदाजाने कळतंय, एका डब्याला किती पीठ, किती डाळ, किती तेल, किती भाजी असं बसून कागदावर मांडलं असणार, आणि तो हिशोब चुकीचा नाही. पण वहीतला किराणा, भाजी, दही सगळं मिळून ५२,९०० होतात आणि ११५० ने भागले की ४६ येतात. मधले ४ रुपये कुठे गेले त्याच्याकडे मी नंतर येते, ते महत्त्वाचं आहे.

सामानाशिवाय डब्याबरोबर आणखी तीन गोष्टी वाढतात ज्या तुम्ही वेगळ्या पानावर लिहिता म्हणून त्या डब्याच्या खर्चात धरल्याच गेल्या नाहीत. गॅस ४,६०० चा, डबे पोचवणाऱ्या मुलाला डब्यामागे ४ रुपयांप्रमाणे ४,६००, आणि फॉइल, पिशव्या, सुट्या डब्यांसाठी आमटीच्या प्लास्टिकच्या डब्या याचे २,३००. म्हणजे गॅसचे ४, पोचवायचे ४, पॅकिंगचे २, आणि सामानाचे ४६. एक डबा दारातून बाहेर पडतो तेव्हा ५६ रुपये घेऊन जातो आणि ७६ आणतो. सुटतात २०, तुम्हाला वाटतात तसे ३८ नाहीत.

हे २० रुपये नीट लक्षात ठेवा, सगळा खेळ याच्यावर आहे.

दुसऱ्या बाजूला जे खर्च डबा गेला काय नि नाही गेला काय द्यावेच लागतात ते. भाडं १२,०००, मावशी ६,०००, लाइट-पाणी १,०००, मिळून १९,०००. डिपॉझिट यात धरू नका, ते अडकलेले पैसे आहेत, गाळा सोडला की परत मिळतात. आता प्रत्येक डबा २० रुपये घेऊन येतो आणि १९,००० चा खड्डा भरायचाय, म्हणजे १९,००० भागिले २०, ९५० डबे. २६ दिवसांनी भागलं की रोज ३७ डबे. हा तुमचा ना नफा ना तोटा.

तुमचे ११५० जातात, म्हणजे खड्डा भरून वर २०० डबे उरले, २०० गुणिले २०, चार हजार. तुमच्या हातात राहतात तेवढेच. तेव्हा चोरी होत नाहीये, कोणी फसवत नाहीये, हिशोब रुपयाला रुपया जुळतोय, चोरीची शंका आधी मनातून काढून टाका, कारण असं झालं की पहिला संशय बिचाऱ्या मावशींवर किंवा डबे पोचवणाऱ्या मुलावर जातो.

घरून २५ करायचात तेव्हा काय होत होतं तेही आता समजेल. खाडे धरून ५७५ डबे, डब्याला हेच २० सुटले असं धरलं तर साडेअकरा हजार, आणि भरायला खड्डाच नव्हता, पहिल्या डब्यापासूनचे २० तुमचे होते. आता महिन्यातल्या २६ दिवसांपैकी पहिले २१-२२ दिवस तुम्ही जे करता ते सगळं गाळ्याचं आणि मावशींचं, तुमचे डबे शेवटच्या चार-पाच दिवसांत सुरू होतात.

बहिणीचा सल्ला आधी घेते, कारण तो ऐकायला सगळ्यात बरोबर वाटतो. डबे वाढवले की भाडं जास्त डब्यांत वाटलं जातं, हे खरंच आहे. पण यात धरलेलं असतं की बांधलेला खर्च १९,००० वरच राहील, आणि तो राहत नाही. मावशी सकाळी ६ ते ११ येतात, डब्याला ४ पोळ्या, म्हणजे आत्ता रोज १७६ पोळ्या. तुम्ही हाताला लागून फार तर २२० पर्यंत नेता येईल, म्हणजे ५५ डबे. छप्पन्नाव्या डब्याला दुसरी बाई लागणार, आणि ती डब्यावर येत नाही, महिन्याच्या पगारावर येते. खड्डा एकदम १९ वरून २५ हजार.

आता बघा काय होतं. रोज ५५ डबे, एकच बाई : १४३० डबे, २८,६००, वजा १९,०००, उरले ९,६००. रोज ६० डबे, दोन बायका : १५६० डबे, ३१,२००, वजा २५,०००, उरले ६,२००. पाच डबे वाढले आणि साडेतीन हजार कमी झाले! परत ९,६०० ला पोचायला रोज ६७ डबे लागतात. म्हणून ५६ ते ६६ हा तुमच्यासाठी मधला चिखल आहे, त्यात महिनोन्महिने रुतून बसायचं नाही. एक तर ५५ ला थांबायचं नाहीतर एका उडीत ७० च्या पुढे जायचं, आणि ७० च्या पुढे मोठी पातेली, गॅसची जादा शेगडी आणि पोचवायला दुसरा मुलगा हे सगळं येतं जे मी वरच्या हिशोबात धरलेलंच नाही. ज्या बायका मला लिहितात त्यांच्यातल्या बऱ्याच जणी याच पट्ट्यात अडकलेल्या असतात, दमून गेलेल्या असतात, आणि उपाय म्हणून अजून डबे शोधत असतात.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला जास्त पटतं, आणि का ते भीतीसकट बघू. महिन्याचा डबा १,९५० चा २,०८० केला आणि सुटा ८० चा ८५, की डब्यामागे बरोबर ५ वाढतात. ७६ चे ८१ होतात, साडेसहा टक्के. पण सुटणारे २० चे २५ होतात, ते पंचवीस टक्के! डब्याचा खर्च तेवढाच राहतो ना, म्हणून वरचे पाचच्या पाच रुपये तुमच्याकडे येतात. ना नफा ना तोटा ३७ वरून ३० डब्यांवर येतं.

आता गिऱ्हाईकं तुटतील ही भीती. ती आकड्यात मांडून बघा, भीती आकड्यात मांडली की तिची उंची कळते. आत्ताचे चार हजार तसेच राहायला २३,००० सुटायला हवेत, २५ च्या हिशोबाने ९२० डबे. म्हणजे २३० डबे कमी झाले तरी चालतील, माणशी २३ डबे धरले तर १० गिऱ्हाईकं. पन्नासातली दहा गेली तरी तुम्ही आहात तिथेच राहता, वर ९ डब्यांचा रोजचा स्वयंपाक कमी. आणि चारच गेली तर साडेसात हजाराच्या जवळ उरतात. ५ रुपयांसाठी दहा जण जातील का, हे तुम्हीच ठरवा, तुम्ही त्यांना ओळखता. मला एवढं माहितीय की जो ७० वाल्याकडे जाणार होता तो ८० असतानाच गेला असता, तुमच्याकडे जो टिकलाय तो तुमच्या उसळीसाठी आणि सव्वाबाराला डबा पोचतो म्हणून टिकलाय.

आता ते ४ रुपये. कागदावर ४२, वहीत ४६. माझ्या मेसमध्ये दुपारी तीनला पंचा उचलला की दुरडीत पोळ्यांची एक चळत असायची, वीस-पंचवीस, आणि पातेल्याच्या तळाला दोन वाट्या आमटी, आणि मला वर्षभर वाटायचं की हे काय, घरी खपतं, मावशी नेतात, वाया कुठे जातंय. मग एक महिना रोज त्या चळतीतल्या पोळ्या मोजून लिहिल्या तेव्हा कळलं. तुमच्याकडेही तेच होतंय असं मला वाटतं, कारण खाड्यांच्या पानावर तुम्ही वेळ लिहिलीय आणि निम्मे खाडे सकाळी ९ नंतरचे आहेत. ९ वाजता कणीक मळलेली असते, भाजी चिरून झालेली असते. तुम्ही त्या माणसाचे ७५ कापता आणि त्याचं सामान मात्र शिजवून बसता, दोन्हीकडून नुकसान. महिन्याला ४ गुणिले ११५०, चार हजार सहाशे, म्हणजे तुम्हाला सगळे मिळून उरतात त्याच्याहून जास्त.

नियम एकच करा, खाडा आदल्या रात्री ८ च्या आत सांगितला तरच पैसे कापले जातील. सकाळी सांगितला तर डबा धरला जाईल, हवं तर मित्राला द्या. पहिल्या महिन्यात दोघं-तिघं कुरकुरतील आणि मग सवय लागते, मेसमध्ये राहिलेल्या मुलांना हा नियम नवा नसतो. आणि कणीक सकाळच्या खऱ्या आकड्यावर भिजवायची, वर फार तर दोन डब्यांची, "५० आहेत" म्हणून ५० ची नाही. सगळे ४ रुपये वाचणार नाहीत, थोडं उरतंच, पण निम्मे वाचले तरी २ रुपये.

५ रेटचे आणि २ उरलेल्याचे, सुटणारे झाले २७. आता हेच ११५० डबे धरा, एकही वाढवू नका. ३१,०५०, वजा १९,०००, उरले १२,०५०. चारचे बारा हजार, त्याच ४४ डब्यांत. घरून उरायचे त्याच्यापेक्षा थोडे जास्त.

हे १२ हजार म्हणजे नफा मात्र समजू नका. तुम्ही पहाटे ५ ला येता आणि २ ला घासून-पुसून निघता, ९ तास. मावशींना ५ तासांचे ६,००० मिळतात आणि तुम्हाला आत्ता ९ तासांचे ४,०००, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुमची मजुरी पण खर्च आहे, कारण उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी येणारी बाई फुकट येणार नाही. म्हणून वहीत दोन आकडे ठेवा. एक दुकानाचा ना नफा ना तोटा, जिथे फक्त १९,००० भरतात. दुसरा तुमच्या पगारासकटचा, १९ अधिक १२, ३१,००० चा. पहिल्याच्या खाली गेलात तर घरातून पैसे घालावे लागतील. दोन्हीच्या मध्ये असलात तर गाडी चालतेय पण तुम्ही स्वस्तात राबताय. सुटणारे २० असताना दुसरा आकडा रोज ६० डबे येतो, म्हणजे थेट त्या चिखलात, आणि २७ असताना ११४९ डबे, म्हणजे रोजचे ४४ च. म्हणून मी आधी डब्यामागचे रुपये वाढवा म्हणतेय, डबे नंतर.

आता जिथे सगळं बिघडू शकतं त्या दोन जागा. एक भाजी. पावसाळ्यात टोमॅटो-कोथिंबीर चढली आणि सामान फक्त ३ रुपयांनी महागलं तर आत्ताच्या हिशोबात २० चे १७ राहतात, ना नफा ना तोटा ३७ वरून थेट ४३ वर, आणि तुमचे ४४ जातात! चार हजाराचे साडेपाचशे. "पण धड नसतात" असं जे तुम्ही लिहिलंय ते बहुतेक अशाच महिन्यांमुळे असावं. दर शनिवारी भाजीचा आठवड्याचा खर्च भागिले पाठवलेले डबे असा एकच आकडा लिहायचा, तो १५ च्या आसपास असायचा आणि १८ दिसला तर पुढच्या आठवड्यात दोन दिवस फळभाजीऐवजी कडधान्याची उसळ, महिनाअखेरीची वाट बघायची नाही. मार्केट यार्डातून कांदा-बटाटा पोत्याने आणणं परवडतं, पालेभाजी तशी आणू नका, ४४ डब्यांना ती संपत नाही आणि पिवळी पडते.

दुसरी जागा दिवाळी आणि मे. तुमची निम्मी गिऱ्हाईकं कॉलेजची मुलं आहेत, ती घरी जातात, भाडं जात नाही. त्या दोन महिन्यांत ६०० डबेच गेले असं धरलं तर २७ ने सुद्धा १६,२०० सुटतात, २,८०० कमी पडतात. वर्षाचा हिशोब केला, दहा महिने ११५० आणि दोन महिने ६००, तर तुमचे महिन्याचे सरासरी साडेनऊ हजार होतात, बारा नाही. त्यामुळे चांगल्या महिन्यातले अडीच हजार बाजूला काढून ठेवायचे, ते घरखर्चाचे नाहीतच. या दिवसांसाठी जवळपासची दोन-चार ऑफिसं किंवा एकटे राहणारे आजी-आजोबा शोधलेत तर फार बरं, ते मे महिन्यात पण जेवतात. नवीन डबे घ्यायचेच असतील तर ते असे घ्या, ५५ च्या आत.

गाळा सोडून परत घरी जायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. सुटणारे २० च राहणार असतील तर मी स्पष्ट सांगते, गाळा परवडत नाही, घरच्यासारखे साडेअकरा हजार उरायला दुसऱ्या बाईसकट रोज ७१ डबे लागतील. २७ झाले तर परवडतो. फक्त घरी परत जाताना एक धरा, धंद्याचा स्वयंपाक घरगुती लाल सिलिंडरवर करायचा नसतो, निळाच घ्यावा लागतो, म्हणून गॅसचे ४ तिथेही धरायचे. गाळ्याचा करार ११ महिन्यांचा असेल तर अजून ७ महिने आहेत. तो काढून किती महिन्यांची नोटीस आणि लॉक-इन आहे का ते बघा. पहिले ३ महिने नवीन रेट आणि खाड्याचा नियम चालवून बघा, आणि शेवटच्या तारखेला चारच आकडे लिहा : किती डबे गेले, एकूण जमा, डब्याबरोबरचा सगळा खर्च, बांधलेला खर्च. जमेतून डब्याबरोबरचा खर्च वजा, भागिले डबे, हे सुटणारे. ते तिसऱ्या महिन्यातही २५ च्या खाली असतील तर करार पुढे वाढवू नका.

रेटचा मेसेज २० तारखेच्या आत ग्रुपवर टाका, ज्यांनी पुढच्या महिन्याचे पैसे आधीच दिलेत त्यांना जुनाच रेट ठेवा. लांबलचक कारणं देऊ नका, एवढंच लिहा : "नमस्कार, १ तारखेपासून महिन्याचा डबा २,०८० आणि सुटा डबा ८५ रुपये होईल. पोळ्या चारच, भाजी-आमटी तेवढीच. खाडा आदल्या रात्री ८ पर्यंत कळवलात तरच त्या दिवसाचे पैसे वजा होतील."